उकडीच्या मोदकांची आगाऊ नोंदणी : एका संदेशामागचा हिशेब

गणेश चतुर्थीसाठी उकडीच्या मोदकांचे डबे आम्ही डोंबिवलीत घरूनच करून देतो. मी, माझी जाऊ आणि शेजारच्या दोन वहिनी अशा चौघी प्रत्यक्ष काम करतो. जाऊबाईंची कॉलेजात जाणारी मुलगी दारावर आणि फोनवर असते. नोंदणीचा संदेश लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे आणि २०२५ सालचा संदेश मी कसा तयार केला, तो पुढे कसा पार पडला, हे येथे सविस्तर लिहीत आहे. घरून मोदक देणाऱ्या अनेक जणी पाककृतीबद्दल भरभरून बोलतात, परंतु नोंदणी कधी बंद करावी, किती डबे घ्यावेत आणि लोकांना कोणत्या वेळी बोलवावे, या गोष्टी मात्र अंदाजावर सोडतात. माझ्या मते चतुर्थीच्या सकाळी घरात जो गोंधळ उडतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा या संदेशातच असते.

दिवाळीच्या फराळाची मागणी घेणे आणि उकडीच्या मोदकांची मागणी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसनाचे लाडू आठ दिवस आधी वळून ठेवता येतात. डबे भरून झाले की कोण कधी नेतो याने फारसे बिघडत नाही. उकडीचा मोदक त्याच दिवशी, त्याच सकाळी व्हावा लागतो. शिवाय गणपतीची पूजा मध्याह्नी करण्याची रीत असल्यामुळे जवळपास प्रत्येक घराला नैवेद्य अकरा ते एक या वेळेतच हवा असतो. त्यामुळे एकूण किती मोदक होतील हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि एका तासात किती मोदक होतील हा प्रश्न पहिला येतो. आमचा सगळा संदेश या एका आकड्यावरून, उलट दिशेने लिहिलेला आहे.

हा आकडा असा निघतो. चौघींपैकी मी उकड काढणे, मळून देणे आणि मोदकपात्र सांभाळणे एवढेच करते, कारण उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळावी लागते आणि ते काम मधूनमधून करून चालत नाही. उरलेल्या तिघी वळतात. सराव झालेल्या हाताला पारी करून, सारण भरून, कळ्या पाडून मोदक मिटवायला दोन मिनिटांच्या आत वेळ लागतो, म्हणजे तासाला एका हाताचे साधारण ३५ मोदक. तिघींचे १०५ होतात, पण पाच तास सलग बसायचे असल्यामुळे मी १०० च धरते. आमच्या तीन मजली मोदकपात्रात एका वेळी ४८ मोदक मावतात आणि ते १२ ते १५ मिनिटांत वाफवून होतात, त्यामुळे वाफवण्यात काम अडत नाही. अडते ते वळण्यातच. मोदकपात्र आणखी एक आणले तरी डबे वाढणार नाहीत, हे एकदा कळले की मर्यादा ठरवणे सोपे जाते.

वळून ठेवलेले मोदक ओल्या कापडाखाली अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नयेत असा आमचा दंडक आहे. पारीचा पृष्ठभाग सुकला की वाफवताना कळ्यांच्या मुळाशी बारीक भेग जाते आणि सारण बाहेर येते. म्हणूनच पहाटे तीनला उठून चारशे मोदक वळून ठेवावेत आणि मग निवांत वाफवावेत, हा मार्ग आमच्यासाठी बंद आहे. वळणे, वाफवणे, निववणे आणि डब्यात भरणे ही साखळी तासागणिक पुढे सरकत राहते आणि लोकांना बोलावण्याच्या वेळाही त्याच साखळीला बांधलेल्या असाव्या लागतात.

आमचा डबा ११ मोदकांचा असतो. तासाच्या १०० मोदकांतून ८ डबे, म्हणजे ८८ मोदक, नोंदणीसाठी मोकळे ठेवले आणि १२ मोदक फाटणे, गळणे आणि आमच्या स्वतःच्या नैवेद्यासाठी राखले. सकाळी ८ ते दुपारी १ अशा एकेका तासाच्या पाच वेळा ठरवल्या, म्हणून एकूण ४० डबे. संदेशात मी ‘४० डबे उपलब्ध’ असे लिहीत नाही. ‘प्रत्येक वेळेत ८ डबे’ असे लिहिते, कारण ४० हा आकडा वाचला की वाचणारा गृहीत धरतो की आपल्याला हव्या त्या वेळी डबा मिळेल, आणि अकराच्या वेळेला वीस जण उभे राहतात.

२१ मोदकांच्या नैवेद्याची प्रथा असल्यामुळे २१ चा डबा द्या, अशी विनंती दरवर्षी होते. मी त्याला नकार देते. २१ चे चार डबे म्हणजे ८४ मोदक होतात आणि त्या वेळेत ज्यांना एकच लहान डबा हवा असतो त्यांना जागाच उरत नाही. ११ चे दोन डबे घेतले की २२ होतात. २१ नैवेद्याला आणि एक बाजूला ठेवावा, असे मी संदेशातच लिहून टाकते. एका घराला जास्तीत जास्त दोन डबे ही मर्यादाही त्यातूनच आली. जवळच्या एका मंडळाने पहिल्याच दिवशी १०१ मोदक मागितले होते. आकडा पाहिला तर तो आमचा पुरा एक तास आहे, म्हणजे तेवढ्या वेळेतील आठ डबे त्या एका मागणीत गेले असते. त्यांना दुसऱ्या दिवसाची सकाळ सुचवली आणि त्यांनी ती आनंदाने स्वीकारली.

आता नोंदणी बंद करण्याच्या तारखेविषयी. २०२५ मध्ये चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. आम्ही नोंदणी शुक्रवार, २२ ऑगस्टला रात्री ९ वाजता बंद केली. पाच दिवस आधी का, असा प्रश्न अनेकांनी विचारला, तेव्हा मी त्यांना तांदळाचे वेळापत्रक सांगितले. आंबेमोहोर तांदूळ धुऊन, निथळून, सुती कापडावर सावलीत वाळवावा लागतो. वैशाखात हे काम काही तासांत होते. भाद्रपदाच्या तोंडावर हवेत इतका दमटपणा असतो की पंख्याखाली दीड दिवस ठेवूनही मी दाणा दाताखाली चावून पाहते. कट्ट आवाज आला तर वाळला, नाहीतर नाही. ओलसर तांदूळ दळला तर पीठ जात्याला चिकटते, भरड राहते आणि दोन दिवसांत त्याला कुबट वास येतो. म्हणून शनिवारी धुणे, रविवारी वाळवणे, सोमवारी सकाळी गिरणीत जाणे आणि लगेच वस्त्रगाळ चाळणे असा क्रम ठरतो. गिरणीवाल्या काकांना आधी सांगून ठेवावे लागते, कारण आमचे तांदूळ गव्हाच्या दळणानंतर लगेच टाकलेले चालत नाहीत. गव्हाचा अंश आला की पारी चिवट आणि काळपट होते. तांदळाच्या दळणांमागेच आमचे दळण लागावे लागते आणि सणाच्या आठवड्यात तशी वेळ मिळवणे हे खरोखर नशिबाचे काम आहे.

नारळाचेही तसेच आहे. मध्यम आकाराच्या एका नारळाच्या खोबऱ्यात साधारण ११ मोदक होतात, त्यामुळे ‘एक डबा, एक नारळ’ असा आमचा सोपा हिशेब आहे. ५०० मोदकांसाठी ४५ नारळ आणि खवट किंवा कोवळे निघण्याच्या शक्यतेसाठी ५ जास्त, असे ५० नारळ आम्ही शनिवारीच सांगून ठेवले. चतुर्थीच्या दोन दिवस आधी नारळाचा भाव वाढतो आणि निवडून घेण्याची सोयही राहत नाही. मंगळवारी, हरतालिकेच्या दिवशी, खोवणे आणि सारण करणे उरकले. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ घेऊन सारण गोळा होऊ लागेपर्यंत परतायचे. त्याआधी उतरवले तर मोदकात पाणी सुटते आणि जास्त आटवले तर निवल्यावर चिवट होते. तयार सारण पूर्ण निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवले आणि बुधवारी पहाटे बाहेर काढले. नोंदणी सोमवारपर्यंत चालू ठेवली असती तर आणखी दहा डब्यांची मागणी आली असती, पण वळायला हात पुरले असते तरी त्या दहा डब्यांचे पीठ बाजारातून आणावे लागले असते, आणि विकतच्या पिठाची उकड कशी वागेल याची मी हमी देऊ शकत नाही.

हे सगळे गणित झाल्यावर संदेश लिहायला बसले. तो असा होता :

‘उकडीचे मोदक, गणेश चतुर्थी, बुधवार, २७ ऑगस्ट २०२५. एका डब्यात ११ मोदक, किंमत ४४० रुपये. नोंदणी रविवार, १० ऑगस्टपासून शुक्रवार, २२ ऑगस्ट रात्री ९ पर्यंत. न्यायच्या वेळा : ८ ते ९, ९ ते १०, १० ते ११, ११ ते १२, १२ ते १. प्रत्येक वेळेत ८ डबे, एका घरासाठी कमाल २ डबे. नैवेद्याला २१ मोदक हवे असल्यास २ डबे घ्यावेत. नोंदवताना नाव, डब्यांची संख्या आणि पसंतीच्या दोन वेळा कळवाव्यात. आमच्याकडून नोंदणी क्रमांक आणि वेळ आल्यानंतरच पैसे पाठवावेत. पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी फक्त तो क्रमांक लिहावा. पैसे खात्यात दिसल्यावर आम्ही “नक्की” असे कळवू. “नक्की” आल्याशिवाय नोंदणी झाली असे समजू नये. सकाळी ८ वाजता नेलेले मोदक घरी झाकून ठेवल्यास दुपारी १ पर्यंत मऊ राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत.’

यातील शेवटून दुसऱ्या वाक्याबद्दल मला विशेष लिहायचे आहे. आमच्या पहिल्या दोन वेळा पूर्वी रिकाम्या राहत आणि ११ ते १२ साठी रांग लागे. विचारपूस केल्यावर लक्षात आले की लोकांना लवकर उठण्याचा कंटाळा नव्हता. आठ वाजता नेलेला मोदक नैवेद्यापर्यंत कडक होईल, अशी त्यांना भीती होती. वास्तविक नीट मळलेल्या उकडीचा मोदक डबा बंद ठेवला, वर दमट कापड टाकले, तर पाच-सहा तास मऊ राहतो. तो कडक होतो तो वारा लागला म्हणून किंवा थंडाव्यात ठेवला म्हणून. फ्रिजमध्ये तांदळाच्या उकडीचा चिवटपणा फार वेगाने वाढतो आणि मग पुन्हा वाफ दिल्याशिवाय तो मोदक खाण्याजोगा राहत नाही. हे एक वाक्य संदेशात आल्यावर ८ ते ९ ची वेळ तिसऱ्या दिवशीच भरली. विशेषतः ज्यांच्याकडे गुरुजी सकाळी लवकर येणार होते आणि ज्यांना पुढे सासरी किंवा माहेरी जायचे होते, त्यांनी ती मुद्दाम मागून घेतली.

पैशांच्या पायऱ्या इतक्या का, असे जाऊबाईंनीही विचारले होते. क्रमांक आधी आणि पैसे नंतर, या क्रमामागे साधे कारण आहे. यूपीआयने आलेले पैसे ज्यांच्या खात्यातून येतात त्यांच्या नावाने दिसतात आणि नोंदणी बहुधा दुसऱ्याच नावाने असते. नोंदणी काकूंची, पैसे मुलाच्या खात्यातून, आणि डबा न्यायला येणार सूनबाई, ही आमच्याकडची अगदी नेहमीची गोष्ट आहे. ४४० आणि ८८० हे दोनच आकडे येत असल्यामुळे रकमेवरूनही काही ओळखता येत नाही. शेऱ्यात क्रमांक असला की नाव कोणाचेही असो, जुळणी होते. ज्यांच्या ॲपमध्ये शेरा लिहायचा राहून जातो, त्यांच्याकडून व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मागून घ्यावा आणि तो आपल्या खात्यातील नोंदीशी ताडून पाहावा. नुसत्या स्क्रीनशॉटवर मी “नक्की” पाठवत नाही. त्यामागे कोणावर अविश्वास नाही. व्यवहार प्रलंबित असतानाही पडद्याचे चित्र पाठवले जाते आणि पुढे तो व्यवहार रद्द होऊन पैसे त्यांच्याच खात्यात परत जातात, हे त्यांनाही ठाऊक नसते.

आणखी एक बारकावा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. आमचे खाते जाऊबाईंच्या नावावर आहे आणि संदेश मी पाठवते, त्यामुळे अनोळखी नाव पाहून लोक थबकतात, आणि त्यांनी थबकणे योग्यच आहे. म्हणून क्रमांकासोबत ‘पैसे पाठवताना जाऊबाईंचे नाव दिसेल, वेगळे नाव दिसल्यास थांबून फोन करावा’ असे त्यांच्या पूर्ण नावासह प्रत्येकाला कळवले. क्रमांक दिल्यापासून तीन तास ती वेळ आम्ही राखून ठेवत होतो. त्यानंतर पैसे न आल्यास एक आठवण पाठवून जागा पुढच्याला देत होतो.

एका नोंदणीचा प्रवास सांगते, म्हणजे हे कसे चालले ते स्पष्ट होईल. पलीकडच्या इमारतीतील एका काकूंनी तीन डबे मागितले आणि वेळ एकच दिली, ११ ते १२. त्या वेळेत त्यावेळी दोनच डबे शिल्लक होते. ‘काकू, एका घराला दोनच देता येतात, आणि दुसरी पसंती कळवा म्हणजे सोयीचे होईल,’ असे मी त्यांना फोन करून सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, तिसरा डबा माझ्या नणंदेसाठी आहे, ती तुम्हाला ओळखत नाही ना.’ मग नणंदेची नोंदणी वेगळी केली, तिला १२ ते १ ची वेळ दिली, आणि क्रमांक १७ व १८ असे दोन क्रमांक पाठवले. काकूंच्या मुलाने दोन्हींचे मिळून १,३२० रुपये एकत्र पाठवले आणि शेऱ्यात १७ एवढेच लिहिले. रक्कम दोन डब्यांच्या ८८० शी जुळत नव्हती, त्यामुळे तेव्हाच विचारून दोन्ही क्रमांकांपुढे खूण केली. हेच बुधवारी सकाळी दारात उघडकीला आले असते, तर नणंदबाईंना पैसे देऊनही डबा नाही असे ऐकावे लागले असते.

नोंदणी रद्द करण्याबाबत नियम असा ठेवला की २२ तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत आणि त्यानंतर पैसे परत नाहीत, मात्र डबा दुसऱ्या कोणालाही देता येईल. या नियमाला एक अपवाद आम्ही ठरवून ठेवला आहे आणि तो संदेशात लिहीत नाही. घरात सुतक आले तर गणपती बसत नाहीत आणि अशा वेळी त्या माणसांशी ४४० रुपयांची भाषा करणे मला पटत नाही. २५ तारखेला एका घरी तसे घडले. प्रतीक्षा यादीतील पहिल्या वहिनींना फोन केला, त्यांनी तो डबा घेतला आणि त्या घराचे पैसे त्याच संध्याकाळी परत केले. नोंदणी बंद झाल्यावर विचारणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत ती याचसाठी.

२२ तारखेला रात्री २८ घरांचे ४० डबे भरले होते. मंगळवारी संध्याकाळी प्रत्येकाला त्यांचा क्रमांक, वेळ आणि दोन सूचना पाठवल्या : सपाट तळाची पिशवी आणावी, आणि दुसऱ्या कोणाला पाठवत असल्यास त्यांच्याकडे क्रमांक द्यावा. बुधवारी साडेसहाला वळायला सुरुवात झाली. डब्यात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर अकरा मोदक, झाकणावर ठळक अक्षरात क्रमांक. वाफेतून काढलेले मोदक लगेच डब्यात भरत नाहीत. दहा मिनिटे चाळणीवर निवू देतात. तसे केले नाही तर झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब साचतात, ते कळ्यांवर पडतात, आणि घरी जाईपर्यंत मोदक एकमेकांना चिकटून सोडवताना फाटतात.

दहाच्या सुमारास आमच्या गल्लीतून एका मंडळाची मूर्ती ढोल-ताशांसह निघाली आणि अर्धा तास रस्ता अडला. १० ते ११ च्या आठपैकी पाच डबे त्या वेळी दारातच राहिले. प्रत्येक वेळेच्या डब्यांची वेगळी रांग लावलेली असल्यामुळे पुढच्या वेळेचे डबे त्यात मिसळले नाहीत, आणि पुतणीने प्रत्येकाला फोन करून ‘डबा तयार आहे, गर्दी ओसरल्यावर या’ असे कळवले. त्या तासात दोन मोदकांना भेगा गेल्या होत्या. ते राखीव बारांतून बदलले. एक वाजता शेवटचा डबा गेला तेव्हा आमच्यासाठी एकवीस मोदक बाजूला निघाले होते.

संध्याकाळच्या आरतीसाठी एक वेळ ठेवावी, असे तीन-चार घरांनी नंतर सुचवले. मी बाकीच्या तिघींना विचारले आणि आम्ही नाही म्हणायचे ठरवले. संध्याकाळच्या मोदकांसाठी उकड पुन्हा दुपारी काढावी लागेल, आणि पहाटेपासून बसलेल्या हातांनी पाडलेल्या कळ्या तेवढ्या नेटक्या येत नाहीत. त्याऐवजी पुढच्या संदेशात दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ते ११ अशी वेळ आणि १६ डबे लिहायचे आहेत, आणि त्यासाठीचे तांदूळ व नारळ पहिल्याच मागणीत धरायचे आहेत.